विश्लेषण : निकालाच्या तोंडावर शेअरचा ‘विमा’ किती रुपयांना पडतो?

लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांनंतर सोमवारी, ३ जून २०२४ रोजी निफ्टी २३,२६४ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि तो १,३७९ अंकांनी, म्हणजे जवळपास सहा टक्क्यांनी कोसळून २१,८८४ वर आला. अशा दिवसाआधी शेअर न विकता बचाव करता येतो, त्याला ‘हेजिंग’ म्हणतात. पण या बचावाचे बिल कोण भरतो आणि केव्हा, हे आधी समजून घ्यायला हवे.

उदाहरण काय?

समजा, नेरुळमधील एका निवृत्त गृहस्थांकडे ३ जूनला २३ लाख २६ हजार रुपयांचे शेअर होते आणि ते निफ्टीप्रमाणेच वरखाली होणारे होते. त्या वेळी निफ्टीचा एक लॉट २५ चा होता. चार लॉट म्हणजे १०० नग, आणि त्यांची किंमत या शेअरइतकीच भरते. निफ्टीचा प्रत्येक अंक म्हणजे १०० रुपये. काहीच केले नसते, तर ४ जूनला त्यांच्या खात्यात १ लाख ३७ हजार ९०० रुपयांची घट दिसली असती.

फ्युचर्स विकले असते तर?

चार लॉट फ्युचर्स विकून ठेवले असते, तर शेअरमधील तोटा फ्युचर्सच्या नफ्याने जवळपास भरून निघाला असता. (फ्युचर्स आणि निफ्टी यांच्या भावातील थोडा फरक येथे सोडून दिला आहे.) विकताना वेगळे शुल्क फारसे लागत नाही, फक्त मार्जिन ठेवावे लागते.

किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. हाच व्यवहार शुक्रवारी, ३१ मे रोजी २२,५३१ ला केला असता, तर सोमवारच्या ७३३ अंकांच्या उसळीने ७३,३०० रुपयांचा तोटा झाला असता. शेअर तेवढेच वाढले, तरी ती वाढ कागदावरची असते. फ्युचर्सचा तोटा मात्र रोजच्या रोज रोखीने भरावा लागतो. पैसे वेळेत भरले नाहीत, तर ब्रोकर सौदा बंद करतो, आणि बचाव नेमका निकालाच्या आदल्या दिवशी संपतो.

पुट ऑप्शन घेतला असता तर?

पुट घेणाऱ्याला फक्त प्रीमियम भरावा लागतो. २७ जूनला संपणारा, २३,००० चा पुट ३५० रुपयांना मिळाला असे हिशोबासाठी धरू. १०० नगांचे ३५,००० रुपये झाले, म्हणजे शेअरच्या किमतीच्या दीड टक्का. निफ्टी २३,००० पर्यंत घसरेपर्यंतचे २६४ अंक आणि प्रीमियमचे ३५० अंक असे ६१४ अंक स्वतःचे गेले. त्याखालची घसरण पुट भरून देतो. मुदतीअखेरीस तोटा ६१,४०० रुपयांच्या पुढे जात नाही.

महिनाअखेरीस काय झाले?

२७ जूनला निफ्टी २४,०४४ वर बंद झाला. काहीही न करणाऱ्याला सुमारे ७८,००० रुपये मिळाले. फ्युचर्स तसेच ठेवणाऱ्याला काहीच उरले नाही, कारण शेअरमधील नफा फ्युचर्सच्या तोट्यात गेला. पुटवाल्याचा प्रीमियम बुडाला, तरी ४३,००० रुपये हाती राहिले. फ्युचर्सने पडझडीबरोबर तेजीही विकली जाते. पुटमध्ये तेजी राहते, पण तिच्यासाठी हप्ता भरावा लागतो. दर महिन्याला असा हप्ता भरला, तर वर्षाला १८ टक्के होतात.

हप्ता केव्हा महागतो?

सर्वांना भीती वाटते तेव्हा. अपेक्षित चढउतार दाखवणारा ‘इंडिया व्हीआयएक्स’ एप्रिल २०२४ च्या उत्तरार्धात १० च्या आसपास होता. ३ जूनला तो २० च्या वर होता. व्हीआयएक्स दुप्पट झाला की बाजारभावाच्या आसपासचा, तेवढ्याच मुदतीचा पुटही साधारण दुप्पट महाग होतो. शिवाय निकालानंतर ही भीती ओसरते. ५ जूनला व्हीआयएक्स पुन्हा २० खाली आला, म्हणून बाजार किरकोळ पडूनही पुटवाल्याला तोटा होऊ शकतो.

कोणाला उपयोग नाही?

ज्यांचे शेअर निफ्टीसारखे नाहीत, त्यांना बचाव अपुरा पडतो. ४ जूनला निफ्टी सहा टक्के पडला, तर सरकारी बँकांचा निर्देशांक १५ टक्क्यांच्या आसपास. दुसरे म्हणजे, नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने सौद्याची किमान किंमत पाच लाखांवरून १५ लाख केली आहे. त्यामुळे ज्याच्याकडे पाच लाखांचे शेअर आहेत, त्याने एक लॉट फ्युचर्स विकला तर तो बचाव राहत नाही. बाजार पडेल यावर लावलेली पैज होते. अशा गुंतवणूकदाराने झोप उडवणारे तेवढे शेअर विकून पैसे बँकेत ठेवावेत. त्याचा खर्च कर आणि दलालीपुरताच, आणि तो आधीच मोजता येतो.