बाईंना 'ज्ञानदीप' म्हणू नका!

तुमच्या सोसायटीच्या वार्तापत्रात निवृत्त शिक्षिकेवर लेख आला की पहिलं वाक्य काय असतं, ते तुम्हाला पाठ असेल. आदर्श शिक्षिका, कुशल मार्गदर्शक, ज्ञानदीप वगैरे. त्या जागी दुसऱ्या बाईंचं नाव टाका. लेख जसाच्या तसा चालतो ना? मग तो कुणाबद्दलच नाही.

आमच्या कॉलनीच्या अंकासाठी असाच एक लेख आला आणि 'तू मराठी घेतलंयस ना, जरा बघ' म्हणत काकांनी तो माझ्या गळ्यात मारला. शीर्षक होतं 'भावपूर्ण आदरांजली'. अहो, बाई रोज सकाळी बागेत फेऱ्या मारतात! जिवंत माणसाला आदरांजली वाहत नाहीत. ते आधी खोडलं.

मग बाईंच्या चार विद्यार्थ्यांना फोन केले. 'बाई कशा होत्या?' असं विचारलं की 'खूप प्रेमळ' एवढंच हाती लागतं. म्हणून विचारलं, 'गणित चुकलं की बाई काय करायच्या?' तेव्हा चौघंही बोलू लागले. बाई फुली मारायच्या नाहीत. जिथे चूक सुरू झाली, त्या ओळीशेजारी एक टिंब द्यायच्या. चूक आपली आपण शोधायची. पण टिंब कुठल्या रंगाचं? एक म्हणाली हिरवं, दुसरा म्हणाला लाल. शेवटी बाईंनाच विचारलं. त्या हसल्या. 'पेन्सिलीचं रे. गणित सुधारलं की पोराला ते पुसून टाकता यावं म्हणून.'

लेखाचं पहिलं वाक्य मिळालं! रंग तपासला नसता तर नुसता रंगच चुकला नसता, बाईंचा विचारच निसटला असता.

'४० वर्षांची अखंड सेवा' हेही खटकलं. आपल्याकडे शाळेतले शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे बाई अठराव्या वर्षीच रुजू झाल्या? विचारलं तर नोकरी ३३ वर्षांची निघाली. आधीची सात वर्षं घरी शिकवण्या घेतल्या होत्या. बाईंना सेवापुस्तकातली रुजू झाल्याची तारीखसुद्धा आठवत होती. मला वाटतं, ती सात वर्षं 'अखंड सेवे'त दडपण्यापेक्षा वेगळी सांगितलेली बरी. ओट्याजवळ चटई टाकून शिकवणाऱ्या बाई त्यातूनच दिसल्या.

पुरस्कार काढून टाकले का? नाही. जो मिळाल्याचं पत्र बाईंकडे होतं तो ठेवला, कुणी दिला आणि कोणत्या वर्षी ते लिहून, शेवटच्या परिच्छेदात. 'अनेक पुरस्कारांनी सन्मानित' मात्र गेलं.

एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली, तरी घेतली नाही. बाईंनी एकाची फी भरली होती. तो आमच्याच कॉलनीत राहतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, 'माझी मुलंही वाचतात हा अंक.'

छापण्याआधी लेख बाईंना वाचून दाखवला. त्यांनी एका ओळीपाशी थांबवलं आणि पेन्सिल मागितली.