'आम्ही' की 'आपण'?

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतील एका शेजारणीने एका औषधचाचणीचे संमतिपत्र मला वाचावयास दिले. मराठी सोपे व शुद्ध होते. त्यातील एक वाक्य असे: 'त्रास वाढल्यास औषध थांबवायचे की नाही, ते आपण ठरवू.' ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टर मला विचारूनच ठरवतील ना?"

मी मूळ इंग्रजी प्रत पाहिली. तेथे होते, 'वी विल डिसाइड'. हे 'वी' म्हणजे केवळ डॉक्टर, की डॉक्टर आणि रुग्ण दोघे? इंग्रजी सर्वनाम ते सांगत नाही. मराठीला मात्र सांगावेच लागते. रुग्णाला वगळायचे तर 'आम्ही', सामावून घ्यायचे तर 'आपण'. अनुवादकाने कोणासही न विचारता 'आपण' निवडले आणि मूळ मजकुराने न दिलेला अधिकार माझ्या शेजारणीस देऊन टाकला.

यावर उत्तर ठरलेले असते: 'उलट अनुवाद करून पडताळणी झाली आहे.' दुसरा अनुवादक मराठीचे पुन्हा इंग्रजी करतो आणि ते मूळ प्रतीशी ताडले जाते. पण 'आम्ही' लिहा वा 'आपण', परत येणार 'वी'च! दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात आणि चूक तशीच राहते. ही पडताळणी मराठीतील चुका पकडते; मूळ इंग्रजीतील संदिग्धता तिला दिसत नाही. म्हणून ती पुरेशी आहे, हे म्हणणे मला मान्य नाही.

हा शब्दच्छल नव्हे. 2019 च्या औषधचाचणी नियमांत संमतिपत्राच्या मजकुरासाठी दोन गोष्टी स्वतंत्रपणे नमूद आहेत: रुग्ण केव्हाही चाचणीतून बाहेर पडू शकतो, आणि कोणत्या परिस्थितीत डॉक्टर त्याच्या संमतीविनाही त्याचा सहभाग थांबवू शकतात. ते एक 'वी' या दोहोंची सरमिसळ करते.

मग करावे काय? अनुवादास हात घालण्यापूर्वी इंग्रजी प्रत पेन्सिल घेऊन वाचावी. प्रत्येक 'वी'खाली रेघ ओढावी आणि दोन्ही अर्थ लिहून चाचणीच्या प्रमुख डॉक्टरांना लेखी विचारावे. चाचणीच्या मूळ आराखड्यात उत्तर सापडले, तरी त्यांचा होकार घ्यावा. उत्तर 'डॉक्टर' असे आले, तर सर्वनाम टाकून 'औषध थांबवायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील' असे लिहावे. दुरुस्ती आधी इंग्रजीत व्हावी आणि नीतिसमितीची मान्यता घ्यावी, कारण त्याच प्रतीवरून इतर भाषांतही अनुवाद होतात. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' हाच पेच उभा राहील. हिंदीच्या 'हम'मध्ये तो दडून राहील.

'अनुवादकाने तज्ज्ञांस प्रश्न विचारू नयेत', असे काही जण म्हणतात. त्याने विचारले नाहीत, तर तेच प्रश्न रुग्णास पडतात, आणि तेही अनेकदा सही केल्यावर. शेजारणीस मी एवढेच सांगितले, "सहीपूर्वी डॉक्टरांना विचार, हे 'आपण' म्हणजे कोण? आणि उत्तर कागदावर लिहून घे."