पांढऱ्या निशाणाची किंमत

१५ डिसेंबर २०२३ रोजी गाझा शहराच्या शुजाइया भागात तीन तरुण एका इमारतीतून बाहेर पडले. तिघांच्याही अंगात सदरा नव्हता. अंगावर स्फोटके बांधलेली नाहीत, हे समोरच्याला लांबूनच दिसावे, हा त्यामागचा हेतू. एकाच्या हातात काठी होती आणि काठीला पांढरे फडके बांधलेले होते. समोर इस्रायली सैनिक होते. त्यांतील एकाला हा शत्रूचा डाव वाटला आणि त्याने गोळ्या झाडल्या. दोघे जागीच कोसळले. तिसरा जखमी होऊन इमारतीत परतला आणि हिब्रू भाषेत मदतीसाठी ओरडू लागला. अधिकाऱ्याने गोळीबार थांबवण्याचा हुकूम दिला. पण तो पुन्हा बाहेर येताच त्यालाही गोळी लागली. ओळख पटली तेव्हा कळले, की हे तिघे हमासच्या कैदेत असलेले इस्रायली ओलीस होते. ज्या सैन्याने त्यांना सोडवायचे, त्याच सैन्याच्या हातून ते मारले गेले.

त्या सैनिकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्याच लष्कराने ही कृती आपल्या गोळीबाराच्या नियमांविरुद्ध असल्याचे मान्य केले. परंतु प्रश्न त्यापुढचा आहे. पांढरे फडके दिसताच सैनिकाला ‘हा सापळा असणार’ असे का वाटावे? ज्या युद्धात शरणागतीचे सोंग हे हत्यार बनते, किंवा बनेल अशी धास्ती असते, त्या युद्धात खरा शरण येणाराही मरतो. युद्धशास्त्रात ‘कावा’ आणि ‘विश्वासघात’ यांत जी रेषा आखली आहे, तिचे मूळ कारण हेच आहे.

काव्याला बंदी नाही. १९०७ च्या हेग नियमावलीने तो स्पष्ट शब्दांत वैध ठरविला आणि १९७७ च्या जिनीव्हा पूरक संहितेतील ३७ व्या कलमानेही तेच सांगितले. छद्मावरण, खोट्या तोफा, बनावट हालचाली, खोट्या वार्ता, हे सारे चालते. आपलेच उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९७१ रोजी भारताची एक पॅराशूट पलटण ढाक्याच्या उत्तरेस टांगाइल येथे उतरली. उतरलेले जवान सुमारे ७०० होते. परंतु परदेशी वृत्तपत्रांत आकडा पाच हजारांचा गेला आणि सोबत जे छायाचित्र झळकले, ते एका जुन्या सरावाचे होते. ढाक्यातील शत्रूच्या मनावर त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. हा निखळ कावा. शत्रूला चुकीचा हिशेब करायला लावले, एवढेच. शत्रूने भारतीय संख्येवर विश्वास ठेवावा, असे कोणत्याच कायद्याने त्याला सांगितलेले नव्हते.

विश्वासघात तेथे सुरू होतो, जेथे कायद्यानेच शत्रूवर टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेतला जातो. ‘मी शरण आलो आहे’, ‘मी जखमी आहे’, ‘मी सामान्य नागरिक आहे’, ‘मी रेडक्रॉसचा माणूस आहे’ असे भासवायचे, समोरच्याने त्यामुळे बंदूक खाली केली, की त्याला मारायचे, जायबंदी करायचे वा पकडायचे. तेव्हा रेषा खोटे बोलण्यावर नाही, खोटे कशाविषयी बोलले यावर आहे. आपल्या बळाविषयी खोटे बोलणे हा कावा. आपल्याला मिळणाऱ्या संरक्षणाविषयी खोटे बोलणे हा विश्वासघात.

महाभारतातील द्रोणवधाकडे या दृष्टीने पाहिले, की एक गंमतीची गोष्ट ध्यानात येते. शतकानुशतके आपण वाद घातला तो धर्मराजाच्या अर्धसत्यावर. परंतु आजच्या युद्धनियमांच्या कसोटीवर ‘अश्वत्थामा मेला’ ही वार्ता कावाच ठरेल, कारण पुत्राच्या मृत्यूची बातमी शत्रूच्या तोंडून ऐकून ती खरी मानावी, असे कोणतेही रणबंधन द्रोणांवर नव्हते. खरा अपराध त्यानंतरचा. द्रोणांनी शस्त्र टाकले, सर्वांना अभय दिले आणि ते रथातच ध्यानस्थ बसले. त्याच क्षणी ते युद्धाबाहेर गेले. धृष्टद्युम्नाने त्यांचा शिरच्छेद केला तो या अवस्थेत, आणि त्यांना मारू नका, जिवंत आणा, असे अर्जुन ओरडून सांगत असताना. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात हात जोडलेल्या, शरण आलेल्या, नि:शस्त्र व गंभीर जखमी योद्ध्यास मारू नये, असा दंडक आहे, आणि लपविलेल्या शस्त्रांनी लढण्यासही मनाई आहे. म्हणजे दोन्ही नियम तेथे शेजारी शेजारीच आहेत.

आधुनिक नियम काय म्हणतो? जो शत्रूच्या ताब्यात आहे, ज्याने शरण येण्याचा हेतू स्पष्ट व्यक्त केला आहे, किंवा जो जखमेने वा आजाराने बेशुद्ध वा असहाय आहे, त्याच्यावर हल्ला करता येत नाही. अट एकच : त्याने वैरभावाची कृती करू नये आणि पळून जाण्याचा प्रयत्न करू नये. जखमी माणूस पडल्या पडल्या गोळी झाडू लागला, तर त्याचे संरक्षण संपते. नुसती पाठ फिरविणारा शरणागत ठरत नाही. माघार घेणाऱ्या फौजेवर हल्ला वैधच असतो. तशीच नुसती शंकाही पुरेशी नाही. रणांगणावर यासाठी साधी पद्धत आहे. शरण येणाऱ्याला दूरच थांबवायचे, हात वर करायला लावायचे, शस्त्र टाकायला सांगायचे, वरचे कपडे उचलायला लावायचे, एकेकाला पुढे बोलवायचे आणि एकाने झडती घेताना दुसऱ्याने बंदूक रोखून उभे राहायचे. संशयाला उत्तर अंतर आणि आड यांचे आहे, गोळीचे नाही. शुजाइयाच्या तिघांनी कपडे आधीच उतरवून यातील अर्धे काम केले होते.

अमेरिकेच्या सैनिकांनाही हे सोपे गेले नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये फलुजाच्या एका मशिदीत जमिनीवर पडलेल्या जखमी इराकी बंडखोराला एका मरीन सैनिकाने गोळी घातली. तो मेल्याचे सोंग घेत आहे, असे शब्द सैनिकांच्या तोंडी होते; हे सारे चित्रफितीत उतरले. मे २००५ मध्ये लष्कराने त्या सैनिकावर खटला न भरण्याचे ठरविले. ज्या युद्धात प्रेतांतही सुरुंग दडविले जातात, तेथे जखमी पडलेल्याला संशयाचा बळी व्हावे लागते. सोंग घेणारा शत्रूला तर फसवतोच. शिवाय स्वत:च्या जखमी बांधवाच्या हातातील अभयपत्र फाडतो.

भारत १९७७ च्या संहितेचा सदस्य नाही. इस्रायल आणि अमेरिकाही नाहीत. म्हणून आपण मोकळे आहोत, असे कोणी समजू नये. शरणागताला मारू नये हा नियम १९०७ च्या हेग नियमावलीतही लेखी आहे, १९४९ च्या जिनीव्हा करारांनी तो दृढ केला आणि १९६० मध्ये आपल्या संसदेने त्या करारांसाठी कायदा केला. मे १९९९ मध्ये कारगिलच्या काकसर भागात पकडले गेलेले कॅप्टन सौरभ कालिया व त्यांचे पाच जवान यांचे छिन्नविच्छिन्न देह ९ जून रोजी भारताला परत मिळाले, तेव्हा आपण याच करारांच्या आधारे पाकिस्तानला जाब विचारला. तो जाब विचारण्याचे बळ कुठून येते? १९७१ मध्ये शरण आलेल्या ९३ हजारांना आपण जिवंत ठेवले, पोसले आणि परत पाठविले, त्यातून.

गनिमी कावा ही आपल्या मातीची विद्या आहे. तिचा अभिमान बाळगताना तिची सीमाही जाणावी. शत्रूची नजर चुकवावी, त्याची गणिते बिघडवावीत, त्याला नको त्या वाटेवर धाडावे. पण पांढरे निशाण मात्र खोटे करू नये. ते उद्या आपल्याच जखमी जवानाच्या हातात असेल.