विश्लेषण : 60 सेकंदांत घरखरेदीचा सल्ला, रील शेवटाकडून का लिहायची?

म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि महारेरा. मुंबईकराच्या घराचे भवितव्य ठरवणारी ही तिन्ही कार्यालये वांद्रे पूर्वेत आहेत. त्यांच्या नियमांचा अर्थ सांगणारे सल्लागार मात्र आता ऑफिसपेक्षा मोबाइलच्या पडद्यावर जास्त भेटतात. यूट्यूब शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात आणि इन्स्टाग्राम रील्सही मिनिटाहून मोठ्या असू शकतात. तरीही नियम समजावणाऱ्या बहुतेक रील्स मिनिटभराच्याच असतात आणि त्यांचा साचाही ठरलेला असतो. आधी लक्ष वेधणारे वाक्य म्हणजे हुक, मग गोष्ट, मग प्रेक्षकाने काय करावे याचे आवाहन.

साच्यात काही वावगे नाही. पण बहुतेक सल्लागार लिहायला हुकपासून सुरुवात करतात आणि आवाहन उरलेल्या पाच सेकंदांत कोंबतात. माझ्या मते हा क्रमच उलटा हवा. घरखरेदीच्या एका नियमावरून ते तपासून पाहू.

नियम कोणता?

रेरा कायद्याचे कलम 13. विक्री करार लिहून त्याची नोंदणी होईपर्यंत विकासकाला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, मग तिला बुकिंग म्हणा, अॅडव्हान्स म्हणा किंवा अर्ज शुल्क.

समजा, बोरिवलीत 1 कोटी 20 लाखांचा फ्लॅट आहे. नोंदणीआधी जास्तीत जास्त 12 लाख देता येतात. विक्री प्रतिनिधी म्हणतो, ‘25 लाख भरा, आजचा रेट लॉक करतो, करार दोन महिन्यांनी करू.’ ग्राहकालाही ते सोयीचे वाटते. करार म्हटला की मुद्रांक शुल्क आले. मुंबईत पुरुष खरेदीदारासाठी ते 6 टक्के, म्हणजे इथे 7 लाख 20 हजार रुपये. हा खर्च जितका पुढे ढकलता येईल तितका बरा, असा विचार माणूस करतो आणि 25 लाख भरून हातात फक्त बुकिंगचा कागद घेऊन घरी येतो. रीलमध्ये सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे, कारण इथे कोणी मूर्ख नाही आणि तरीही पैसे अडकतात.

आधी आवाहन का?

बहुतेक रील्सचा शेवट ‘अधिक माहितीसाठी डीएम करा’ किंवा ‘कमेंटमध्ये फ्लॅट लिहा, चेकलिस्ट पाठवतो’ असा होतो. हे सल्लागारासाठी गिऱ्हाईक गोळा करणे झाले. त्याचा वाईट परिणाम शेवटच्या वाक्यापुरता राहत नाही. शेवटी डीएम हवा असेल, तर गोष्टीत काहीतरी झाकून ठेवावेच लागते. सगळे उत्तर दिले तर डीएम कोण करणार? मग 10 टक्क्यांचा आकडा गाळला जातो आणि ‘कायदा तुमच्या बाजूने आहे’ एवढेच मोघम उरते.

त्याऐवजी आवाहन असे लिहून बघा : ‘प्रकल्पाचा महारेरा क्रमांक maharera.maharashtra.gov.in वर टाका आणि प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख बघा. मग किमतीचे 10 टक्के काढा. त्यापेक्षा जास्त रक्कम मागितली, तर आधी करार नोंदवा म्हणून सांगा.’ प्रेक्षकाला हे सल्लागाराशिवाय, हातातल्याच फोनवर करता येते. एकदा हे ठरले की गोष्टीत काय हवे तेही ठरते. त्याला 10 टक्के माहीत हवेत, ते कशाचे हे माहीत हवे आणि महारेरा क्रमांक कुठे सापडतो हेही. कायद्यानुसार तो जाहिरातीत छापावाच लागतो, आणि ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. बाकी सगळे कापता येते.

मराठीत सावकाश, समजेल असे बोलले तर एका मिनिटात साधारण सव्वाशे ते दीडशे शब्द मावतात. त्यातले तीस-पस्तीस आवाहनाला द्यावेत. नव्वदेक शब्द गोष्टीला पुरतात, पण अट एकच : एकच ग्राहक, एकच फ्लॅट, एकच रक्कम. रेरा कायदा 2016 चा, महारेराची स्थापना 2017 ची, हा इतिहास इथे नको. ‘नमस्कार, मी अमुक, गेली 15 वर्षे या क्षेत्रात’ हेही नको. नाव पडद्यावर लिहून चालते.

हुक सर्वात शेवटी लिहावा, आणि तो गोष्टीतूनच उचलावा. ‘करार न करता बिल्डरने 25 लाख मागितलेत? थांबा.’ एवढे बोलायला तीन-चार सेकंद लागतात. ‘बिल्डरांचा मोठा घोटाळा उघड’ हा हुक कदाचित जास्त लोकांना थांबवेल, पण पुढच्या गोष्टीत घोटाळा नाही, साधा नियमभंग आहे. मग माणूस दहाव्या सेकंदाला पुढे सरकतो. (कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त येतो आणि आख्यान उत्तररंगात. रीलमध्ये समोरचा श्रोता बसून राहणार नाही, म्हणून आख्यान आधी घ्यावे लागते.)

मर्यादा कुठे सांगायची?

शैक्षणिक रील इथेच सर्वाधिक फसते. कलम 13 विकासकाला लागू आहे. जुना फ्लॅट त्याच्या मालकाकडून घेत असाल तर हा नियम कामाचा नाही. शिवाय 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा जास्तीत जास्त आठ सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे क्रमांक सापडला नाही म्हणजे फसवणूकच, असे नाही. हे रीलखालच्या मजकुरात ढकलू नये, तो फार थोडे लोक उघडतात. ‘हे फक्त बिल्डरकडून नवे घर घेताना, लहान प्रकल्पाला नोंदणी नसू शकते’ हे आवाहनाच्या आधी, तोंडी सांगावे. पाच-सहा सेकंद जातात, जाऊ द्यावेत.

आवाहनाचा मजकूर पडद्याच्या अगदी तळाशी लिहू नये, ही एक साधी पण नेहमी हुकणारी गोष्ट. तिथे अॅपचे स्वतःचे कॅप्शन आणि बटणे येतात आणि संकेतस्थळाचा पत्ता झाकला जातो. लोकलमध्ये आवाज बंद ठेवून पाहणाऱ्याला तर तो मग मिळतच नाही.

सल्लागाराचे हितसंबंध?

ग्राहक आणून दिल्याबद्दल सल्लागार विकासकाकडून कमिशन घेत असेल, तर रेरा कायद्याने तो एजंट ठरतो आणि नोंदणीकृत प्रकल्पांसाठी काम करायला त्याला महारेराची नोंदणी लागते. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ‘एएससीआय’च्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा आर्थिक संबंध असलेल्या व्हिडीओवर ठळक लेबल हवे. व्हिडीओ 15 सेकंद ते दोन मिनिटांचा असेल तर एकतृतीयांश वेळ, म्हणजे 60 सेकंदांच्या रीलवर 20 सेकंद. शेवटच्या क्षणी चमकून जाणारा हॅशटॅग त्यात बसत नाही.

रील जमली की नाही, हे लाइक्सवरून कळत नाही. यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख पाहावा. पहिल्या तीन सेकंदांत तो कोसळला तर हुक कच्चा, मध्येच कोसळला तर बहुधा तिथे गोष्ट सोडून कायद्याचे कलम वाचायला सुरुवात झालेली असते. त्याहून बोलके असतात ते प्रश्न. ‘मग नेमके किती द्यायचे?’ असे लोक विचारत असतील तर गोष्टीतून आकडा पोहोचला नाही. ‘तुमची फी किती?’ एवढेच येत असेल तर ती जाहिरात झाली. ‘क्रमांक टाकला, तारीख डिसेंबरची दिसते, पण बिल्डर मार्च सांगतो, काय करू?’ असे कोणी विचारले, तर पुढच्या रीलची गोष्ट मिळाली.