तवा, लोणी आणि मसाल्याची पाळी

महाडच्या बाजारातला फ्लॉवर घाट उतरून येतो. भोरकडून वरंध आणि महाबळेश्वरकडून पोलादपुरात उतरणारा आंबेनळी, हे दोन घाट चालू असले की बाजारात देशावरची भाजी रेलचेल दिसते. दरड आली आणि घाट अडला की तोच फ्लॉवर वळसा घालून येतो, आणि भाव सांगताना भाजीवाली नजर चुकवते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे गणपती येतात, मुंबईचे चाकरमानी येतात आणि रात्रीच्या भजनाला काय करायचं यावर पोरांचं एकमत ठरलेलं असतं: पावभाजी.

यात नवल काही नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून घरटी एखादा पुरुष लालबाग-परळच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत, माणसं गावी परतली. पाळीवरून सुटलेल्या कामगाराचं झटपट पोट भरणारं खाणं म्हणून पावभाजीचं नाव गिरण्यांशीच जोडलं जातं. ती आमच्या वाड्यांवर येणारच होती. आली ती मात्र तव्यावरून टोपात आली, आणि बिघडली ती तिथेच.

टोपातली पावभाजी बहुतेक घरी अशी होते. बटाटा, फ्लॉवर, वाटाणा, टोमॅटो, सगळं एका पातेल्यात शिजायला टाकायचं, घोटायचं, वर मसाल्याचं पाकीट रिकामं करायचं आणि शेवटी बटरची अख्खी वडी सोडायची. रंग विटकरी, वर पिवळ्या तेलाचा तवंग, खाली धण्याची कचकच. मग कोणीतरी म्हणतं, "काकू, बटर कमी पडलं का?" बटर पुरेसं असतं. ते पडतं चुकीच्या वेळी.

आधी भाज्यांचं बघू. टोमॅटो बटाट्याच्या पातेल्यात टाकू नये, हा पहिला नियम. भाजी शिजते म्हणजे तिच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. आंबटपणा असला की ते लवकर विरघळत नाही. म्हणून टोमॅटोसोबत शिजवलेल्या बटाट्याच्या फोडी वरून मऊ दिसतात, पण घोटताना आत कणी लागते आणि फ्लॉवरचे दांडे कचकचीत राहतात. चार शिट्ट्या जास्त काढल्या तरी कणी हटत नाही, वर फ्लॉवरला उग्र वास मात्र सुटतो. मसाल्यात आमचूर असतो, तोही याच कारणासाठी भाजी शिजेपर्यंत लांब ठेवायचा.

पंचवीस माणसांचा हिशेब धरा. बटाटा तीन किलो, फ्लॉवर दीड किलो, सुका हिरवा वाटाणा अर्धा किलो. तो रात्री भिजवला की सकाळी किलोभर होतो. सिमला मिरची अर्धा किलो, टोमॅटो अडीच किलो, कांदा किलोभर. वाटाणा वेगळा शिजवावा, कारण त्याला बटाट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात अर्ध्या शिजल्या की फ्लॉवर घालायचा, आधी नाही. दोन्ही मऊ झाले की पाणी निथळून घ्यायचं आणि ते फेकायचं नाही. सिमला मिरची या पातेल्यात येतच नाही. ती बटरवर परतायची असते. उकडली की तिचा सुवास पाण्याबरोबर जातो आणि नुसती साल उरते.

फ्लॉवर महाग असतो तेव्हा परसातलं काय चालेल, हा प्रश्न दर गणपतीत निघतो. दुधी खुशाल चालतो. त्याला स्वतःचं मत नसतं. पडवळ आणि दोडका इतकं पाणी सोडतात की भाजी आटवताना रात्र सरते. लाल भोपळा थोडा चालतो, जास्त झाला तर भाजी गोड होते आणि तो गोडवा लिंबानेही हटत नाही. भेंडी नको, हे सांगायला नको. तरी एकदा आमच्याकडे कोणीतरी चिरून ठेवली होती. कोनफळ घोटलं जातं मस्त, पण जांभळ्या पावभाजीसमोर मुंबईची पोरं हात आखडतात. रंगासाठी बीट घालण्याची पद्धत मला पटत नाही. मिरचीचा लाल आणि बिटाचा लाल वेगळे आहेत, आणि बिटाची मातकट चव लपत नाही.

घोटायचं ते गरम असताना. बटाटा गरम असला की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि भाजी मऊ, दाणेदार राहते. थंड बटाट्यावर जोर काढावा लागतो, मग पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि भाजीची खळ होते. मिक्सर हेच काम दहा सेकंदांत करतो, म्हणून मिक्सर नको. मोठ्या टोपाला मॅशर पुरत नाही तेव्हा आमच्याकडे पितळी तांब्याच्या बुडाने घोटतात, आणि त्याच्याइतकं सपाट, जड हत्यार दुसरं नाही. पूर्ण गुळगुळीतही करू नये. घासात मधूनच वाटाणा लागला पाहिजे.

आता मसाला. गाडीवाल्याचा तवा मोठा आणि पसरट असतो तो दिखाव्यासाठी नव्हे. तेवढ्या रुंद पत्र्यावरून पाणी भराभर उडतं आणि कांदा-टोमॅटो उकडण्याऐवजी भाजले जातात. खोल टोपात हे होत नाही. म्हणून टोपात फक्त भाज्या उकडाव्यात आणि मसाला मोठ्या पसरट कढईत वेगळा करावा.

पंचवीस जणांच्या भाजीला साडेतीनशे ग्रॅम बटर पुरतं. पावाचं वेगळं. ते तीन वेळा घालायचं. पहिल्यांदा अर्धी वाटी तेल आणि शंभर ग्रॅम बटर. तेल घातलं की बटर जळत नाही असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. बटरमध्ये साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश, सोळा टक्क्यांपर्यंत पाणी आणि थोडा दुधाचा अंश असतो. जळतो तो दुधाचा अंश. तेलाने तो विरळ होतो, वाचत नाही. वाचवतं ते पाणी. बटर तडतडतं तोवर त्यातलं पाणी उडत असतं आणि तोवर भीती नाही. आवाज मंदावला की लगेच कांदा घालायचा, म्हणजे कांद्याचं पाणी पुढची राखण करतं. कान कढईकडे ठेवला तर घड्याळ लागत नाही.

कांदा मऊ झाला की सिमला मिरची, मग आलं-लसूण आणि भिजवून वाटलेली बेडगी किंवा काश्मिरी मिरची. लसणाचा कच्चा वास गेला की टोमॅटो आणि थोडं मीठ. यानंतर घाई नाही. टोमॅटो पूर्ण विरघळून कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं, आणि अडीच किलो टोमॅटोला चांगला अर्धा तास लागू शकतो. इथे वेळ वाचवणाऱ्याची भाजी शेवटपर्यंत कच्च्या टोमॅटोसारखी आंबट लागते.

तेल सुटलं की मसाला. आधी का नाही? पावभाजी मसाल्यात धणे, जिरे, बडीशेप, मोठी वेलची अशी बारीक पूड असते. कोरड्या, तापलेल्या तुपा-तेलात ती अर्ध्या मिनिटात करपते आणि करपलेल्या धण्याचा कडूपणा पुढे कशानेच जात नाही. मग सगळ्यात शेवटी घोटलेल्या भाजीत का नाही? कारण मिरचीचा लाल रंग आणि मसाल्यातला बराचसा सुवास पाण्यात उतरत नाही, स्निग्धात उतरतो. पाणीदार भाजीत टाकलेली पूड भिजते, फुलत नाही. दाताखाली कचकच लागते ती तीच.

म्हणून टोमॅटो कढईच्या कडेला सारायचा, मधे जागा करायची, तिथे दुसरं शंभर ग्रॅम बटर सोडायचं आणि ते वितळताच आच कमी करून त्यात मसाला व तिखट घालायचं. ऐंशी ग्रॅम मसाला पुरतो. तीस-चाळीस सेकंद हलवायचं आणि कडेचा ओला टोमॅटो त्यावर ओढून घ्यायचा. मसाल्याला स्निग्ध मिळतं आणि करपायच्या आत ओलावाही मिळतो. जमलं की नाही ते लगेच दिसतं: कडेचं तेल पिवळं न राहता लाल होतं. ते पिवळंच राहिलं तर मसाला फुललेला नाही, अजून परता.

आता घोटलेल्या भाज्या यात घालून पुन्हा एकदा घोटायचं आणि राखून ठेवलेलं भाजीचं पाणी गरम करून लागेल तसं ओतायचं. गार पाणी नको, त्याने उकळी मोडते. मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजू द्यावी आणि तळ खरवडत राहावं, कारण स्टार्च बुडाला धरतो. डावलीभर भाजी ताटलीत घालून बघायची. भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटवायला हवी. डावलीने ओढलेली रेघ क्षणभर राहून मिटली तर झाली. पंगतीला वेळ असेल तर थोडी पातळच ठेवावी, थंड होताना बटाटा तिला घट्ट करतोच.

मिठाचा शेवटचा अंदाज इथे घ्यायचा, आधी नाही. बाजारात मिळणारं पिवळं बटर खारं असतं. साडेतीनशे ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅम मीठ, म्हणजे दीडेक चमचा, आपण न घालताच जातं. घरचं लोणी वापरणाऱ्यांना हा प्रश्न नाही. मात्र त्या भाजीला गाडीची चव येत नाही, कारण गाडीच्या चवीत तो खारेपणा असतो.

उरलेलं दीडशे ग्रॅम बटर आच बंद केल्यावर. सोबत चमचाभर मसाला, चुरलेली कसुरी मेथी, कोथिंबीर, लिंबू. ताज्या बटरचा वास उकळीत टिकत नाही, उडून जातो आणि मागे नुसतं तेल राहतं. म्हणून पहिलं बटर परतायला, दुसरं मसाल्याला आणि हे तिसरं वासाला. अख्खी वडी शेवटी सोडली तर पहिली दोन कामं होतच नाहीत, आणि अख्खी आधी घातली तर तिसरं होत नाही. गाडीवरची भाजी जास्त बटरमुळे चांगली लागते हा समज मला मान्य नाही. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तव्याच्या मध्यावर नव्याने बटर, मसाला आणि मग भाजी अशी पाळी लागते, सगळं इंगित त्यात आहे.

येत्या गणपतीत करणार असाल तर कढई मोठी मागून आणा, टोमॅटो बटाट्यापासून लांब ठेवा आणि पाव आदल्या दिवशीच बेकरीत सांगून ठेवा. चाकरमानी उतरले की दुपारनंतर महाडात पाव मिळत नाही.