फोटो गेला, साप कसा होता ते सांगा

घराजवळ साप दिसल्याचा फोन आला की मी आधी सापाबद्दल विचारत नाही. ‘सगळे कुठं आहेत?’ हे विचारतो. पोरं कुठं, आजी कुठं, कुत्रं बांधलंय का मोकळं आहे. साप दिसला की कुत्रं त्याच्यावर धावतं, कुत्र्याला आवरायला माणूस धावतो, आणि दंश त्या माणसाला होतो. म्हणून सगळ्यांनी दहा-बारा फूट मागं व्हायचं. एकाच मोठ्या माणसानं टॉर्च घेऊन लांबून नजर ठेवायची. सापाला काठी लावायची नाही, त्याची वाट अडवायची नाही. एवढं झालं की मग वर्णन.

भीमेच्या एका काठाला दौंड, दुसऱ्या काठाला शिरूर. दोन्हीकडे ऊस, उसात उंदीर, उंदरामागं साप. त्यात शेतीची लाईट रात्रीची असली की दारं धरायला माणूस अंधारातच जातो. पावसाळ्यात असे फोन वाढतात. हल्ली बहुतेक वेळा आधी फोटो येतो, मग फोन. दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवरून रात्री नऊच्या सुमारास फोन आला, तेव्हा मात्र फोटोच नव्हता. न्हाणीजवळ साप दिसला, घरच्या मुलानं मोबाईलवर टिपला आणि एकदाच उघडेल अशा पद्धतीनं मित्राला पाठवला. मित्रानं पाहिला, ‘कवड्या आहे, काय होत नाही’ असं कळवलं, आणि फोटो गेला. मोबाईलमध्येही तो साठवलेला नव्हता. तोवर साप न्हाणीशेजारच्या सरपणात शिरला होता. घरात सहा माणसं, त्यातली चार जमिनीवर झोपणारी. त्या घरच्या ताई म्हणाल्या, “दादा, कवड्या असंल तर झोपतो आम्ही. पण जीव मानंना.”

त्यांचा जीव मानत नव्हता ते बरोबरच होतं. कवड्या बिनविषारी, आणि त्याच्यासारखी दिसणारी मण्यार आपल्याकडच्या अत्यंत विषारी सापांपैकी एक. दोघंही रात्रीचे, दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे. मण्यार तर अंथरुणाच्या उबेला येऊन झोपलेल्या माणसाला चावल्याची उदाहरणं आहेत.

मुलगा सांगत होता, “पुन्हा दिसला तर लगेच फोटो काढतो.” त्याला मी तसं करू दिलं नाही. सरपण हलवून साप बाहेर काढायचा आणि अंधारात वाकून मोबाईल धरायचा, यासारखा धोका नाही. नजरेत राहिलेलं वर्णन पुरतं, ते नीट काढून घ्यावं लागतं एवढंच.

त्यासाठी आयतं उत्तर सापडेल असा प्रश्न टाळायचा. ‘पांढरे पट्टे होते का?’ असं विचारलं की घाबरलेला माणूस ‘हो, हो’ म्हणतो. ‘अंगावर काय होतं?’ एवढंच विचारावं आणि थांबावं. गुगलवर सापांची चित्रं बघू नका, असंही मी आधीच सांगतो, कारण चार चित्रं पाहिली की मूळ आठवण त्यांत मिसळून जाते. ज्यांनी ज्यांनी साप पाहिला त्यांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळं सांगायचं. या घरात तिघांनी पाहिला होता: मुलगा, ताई आणि सातवीतली मुलगी.

रंगावर तिघांचं जमेना. मुलगा काळा म्हणाला, ताई तपकिरी, मुलगी निळसर. त्यात नवल नाही. एलईडी टॉर्चच्या उजेडात तुकतुकीत काळं अंग निळं दिसतं, पिवळ्या बल्बखाली तपकिरी. म्हणून रंग मी शेवटी धरतो.

लांबी विचारली तर मुलगा म्हणाला, “सहा फूट.” भीतीनं साप लांब होतोच. त्यामुळे फूट विचारण्यापेक्षा तो कशाच्या कडेनं गेला हे विचारावं. ताईंनी सांगितलं, न्हाणीच्या भिंतीलगत सरळ गेला, शेपूट दाराच्या चौकटीशी असताना तोंड सरपणाला लागलं होतं. मधल्या विटा मोजा म्हटलं. त्यांनी टॉर्च मारून लांबूनच मोजल्या. पाच. नऊ इंचांची वीट, मधला थोडा थोडा सिमेंटचा सांधा, म्हणजे साप पावणेचार ते चार फुटांचा. इथं कवड्या जवळपास बाद झाला. कवड्या साधारण दीड-दोन फुटांचा, क्वचित अडीच. पण हे उलट लावू नये. साप दीड फुटाचा होता म्हणून कवड्याच, असं म्हणता येत नाही. मण्यारीचं पिल्लूही तेवढंच असतं आणि तेही विषारी असतं.

नक्षीबद्दल मुलीनं सगळ्यांत चांगलं सांगितलं. तिला वहीच्या मागच्या पानावर साप काढायला लावला. चित्र कसंही येऊ दे, फक्त पट्टे कुठून सुरू होतात आणि कुठं संपतात ते दाखव, म्हटलं. हे चित्र मी नंतर पाहिलं. डोकं आणि त्यामागचा बराच भाग तिनं कोराच ठेवला होता. पुढं एक-दोन ठिपके, मग बारीक रेघा, जोडीजोडीनं, आणि शेपटाकडं जवळजवळ, अगदी टोकापर्यंत. फोनवरही तिनं हेच सांगितलं होतं: “मानेला काहीच नव्हतं. मागं जास्त होतं.”

दोघांतला फरक नेमका हाच. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पहिला बहुतेक वेळा ठसठशीत असतो, कडेला पट्टे रुंद होतात किंवा फाटतात, आणि शेपटाकडं विरत जातात. मोठ्या मण्यारीचं उलट. पुढचा भाग कोरा किंवा पुसट ठिपक्यांचा, आणि रेघा मागं स्पष्ट व दाट. अर्थात पिल्लांत पुढंही खुणा असतात, आणि एखाद्या मण्यारीवर रेघा जवळपास नसतातच. म्हणून नक्षी बसली नाही तर साप बिनविषारी ठरत नाही. तेव्हा ओळख पटली नाही एवढंच समजायचं आणि विषारी धरून वागायचं.

वागणूक शेवटी विचारली. टॉर्च पडल्यावर साप पळाला नाही, फुसकारला नाही. अंग गोळा करून डोकं वेटोळ्याखाली घातलं, थोड्या वेळानं भिंतीच्या कडेकडेनं संथ निघाला. भिंतीवर चढायचा प्रयत्न नाही. कवड्या पालींच्या मागं भिंतीवर, पत्र्याच्या वाशांवर सहज चढतो. हे सगळं मण्यारीकडे बोट दाखवणारं होतं, पण मी त्याला जास्त वजन दिलं नाही, कारण डोकं लपवणं कवड्याही करतो. लांबी आणि रेघांची दिशा, या दोन गोष्टींवर मी मण्यार धरली.

वागणुकीवर भिस्त ठेवण्याचा धोका नागाच्या बाबतीत जास्त. फणा काढला नाही म्हणून धामण समजून लोक जवळ जातात. नाग सरळ पळत असेल तर फणा काढत नाहीच. घोणशीचा आवाज मात्र उपयोगी पडतो. कुकरच्या शिट्टीसारखा लांब, जोराचा फुत्कार आणि पाठीवर काळ्या कडेचे तपकिरी लंबगोल ठिपके तीन रांगांत असं कुणी सांगितलं, तर अजगराचं पिल्लू म्हणून उचलायला जाऊ नका, असं मी लगेच बजावतो. आणि ‘तोंड त्रिकोणी नव्हतं’ यावर कधीच जाऊ नये. मण्यारीचं तोंड त्रिकोणी नसतंच.

त्या रात्री सरपण कुणी हलवलं नाही. सगळ्यांची अंथरुणं बाजेवर आणि ओट्यावर घेतली, मच्छरदाण्या लावून कडा गादीखाली खोचल्या, दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. रात्री उठायचं तर आधी टॉर्च, मग पाय खाली. आणि एक गोष्ट मी दोनदा सांगितली. पहाटे कुणाचं पोट दुखलं, उलटी झाली, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर अंगावर खूण शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसतेच असं नाही. पोटदुखीवर गोळी देऊन माणूस झोपवला जातो आणि श्वासाचे स्नायू हळूहळू थकत जातात. एकदा ते थकले की लस दिली तरी श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागतं.

दंश झाला असेल तर वर्णनासाठी एक मिनिटही घालवू नये. साप मारून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच आहे. डॉक्टर उपचार ठरवतात ते रोग्याच्या अंगावर दिसणाऱ्या लक्षणांवरून. घोणस किंवा फुरशाची शंका असली तर साधारण दोन मिली रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त गोठलेलं नसेल तर विष भिनलंय. मण्यार आणि नागासाठी पापण्या, गिळणं, श्वास बघतात. लक्षण नसलं तरी रोग्याला चोवीस तास नजरेखाली ठेवतात. नातेवाइकांनी चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगड्या काढायच्या, दोरी आवळायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत.

सकाळी उजेडात मी गेलो. बूट घालून, लांब आकड्यानं सरपणाचा एकेक ओंडका ओढला. साप मिळाला नाही, रात्रीतच निघून गेला असावा. तळाशी कात मिळाली, जवळपास अखंड. ती उजेडात ताणून धरली तर पाठीच्या कण्यावरची एक रांग बाकीच्या खवल्यांहून मोठी, षटकोनी, स्पष्ट दिसत होती. शेपटाखालचे खवले एकेक, अखंड होते. कवड्याला ते दोन भागांत विभागलेले असतात. कात मण्यारीची होती. ती रात्रीच्याच सापाची, असं मात्र मला म्हणता येणार नाही. तिथं मण्यारीचा वावर आहे, एवढं तिच्यावरून नक्की झालं.

मुलाच्या मित्राला मी फोन केला. फोटोत त्यानं काय पाहिलं होतं ते विचारलं. “पांढरे पट्टे होते,” तो म्हणाला. “मानेजवळ?” म्हटलं. त्यानं तिथं पाहिलंच नव्हतं. सरपण त्या दिवशीच न्हाणीपासून लांब, दोन विटांच्या उंचीवर फळ्या टाकून रचलं गेलं. न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाइपाला जाळी लागली. वन विभागाचा १९२६ हा नंबर ताईंनी घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालून घेतला, आणि जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी पुढच्या बाजारात दोन बाजा आल्या.