मॉडेल बदलण्याआधी कऱ्हा नदी शोधून दाखवा

मराठी मजकुरावर प्रश्नोत्तराची प्रणाली बांधायची, ती चुकीचा उतारा उचलून आणू लागली की "मोठं मॉडेल घ्या" म्हणायचं. ईडन प्रेरीतल्या आमच्या गप्पांत हा सल्ला ठरलेला असतो. तो मला आळशी वाटतो, कारण दोष बहुतेक वेळा मॉडेलच्या आधीच झालेला असतो.

प्रश्न घ्या: "कऱ्हा नदी कोणत्या नदीला मिळते?" उत्तर आहे नीरा. नुसत्या एम्बेडिंगवर चालणारा शोध मात्र कऱ्हाडच्या कृष्णा-कोयना संगमाचा उतारा सहज वर आणू शकतो. नदी आहे, संगम आहे, नावही जवळचं आहे. एम्बेडिंग आशयाचं साम्य पाहतं. एखाद्या दुर्मीळ विशेषनामावर अडून बसणं हे शब्दशोधाचं काम आहे. म्हणून दोन्ही शोध हवेत.

पण शब्दशोध जोडला की झालं, असंही नाही. पायथनमधली नेहमीची शब्द तोडण्याची ओळ मराठीवर चालवून बघा:

```python
re.findall(r"\w+", "कऱ्हेचे")
# ['कऱ', 'ह', 'च']
```

या `\w` ला काना, मात्रा, हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत. शब्दाचा असा चुरा निर्देशिकेत गेला, तर त्यातून काय सापडणार? त्यात "ऱ्ह" दोन तऱ्हांनी टंकला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा `U+200D`. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही, तो नियम आपणच लिहावा लागतो. शिवाय विचारणारा "कऱ्हा" म्हणतो आणि मजकुरात "कऱ्हेच्या काठी" असतं. (अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव आठवा.) प्रत्यय आणि सामान्यरूप यांवर सोपा उपाय म्हणजे शब्दाचे तीन-चार चिन्हांचे तुकडेही निर्देशिकेत घालणं.

मग दोन्ही याद्या जोडायच्या. गुणांची बेरीज करू नका, त्यांची मापं वेगळी असतात; क्रमांक वापरा. प्रत्येक यादीतून १/(६० + क्रमांक) इतके गुण द्यायचे. समजा नीरेचा उतारा एम्बेडिंगमध्ये ३८वा आणि शब्दशोधात दुसरा आला: १/९८ + १/६२, म्हणजे सुमारे ०.०२६. कऱ्हाडचा उतारा एम्बेडिंगमध्ये पहिला, पण शब्दशोधाच्या यादीत नाहीच: १/६१, सुमारे ०.०१६. नीरा पुढे.

शेवटी रीरँकर. तो प्रश्न आणि उतारा एकत्र वाचतो, म्हणून संथ असतो. त्याच्याकडे पहिले ५०च द्यायचे. त्या ५०त बरोबर उतारा नसेल तर तो काहीही करू शकत नाही. तेव्हा "मॉडेल बदला" म्हणणाऱ्याला मी एकच विचारते: बरोबर उतारा माहीत असलेले शंभरेक प्रश्न घेऊन, किती वेळा तो उतारा पहिल्या ५०त आला हे मोजलंस का? आला नसेल तर शब्द कसे तुटतात ते बघ. आला आणि तरी खाली राहिला, तरच रीरँकरशी भांड.